२७ टक्के, पण कशाचे? लेकानेमॅबची बातमी आणि मूळ शोधनिबंध

प्रश्न: आईला अल्झायमरचे निदान झाले आहे. भावाने एका जुन्या बातमीचे कात्रण पाठवले आहे, त्यात लिहिले आहे की लेकानेमॅब या औषधाने अल्झायमर २७ टक्क्यांनी रोखला जातो. मूळ शोधनिबंधात खरोखर असेच लिहिले आहे का, हे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाने कसे तपासायचे?

उत्तर: वाणिज्य शाखेचे आहात हे चांगलेच झाले, कारण येथे लागणारे गणित नफ्यातोट्याच्या टक्केवारीपलीकडे जात नाही. वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीची पडताळणी हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. बातमी आणि निबंध शेजारी ठेवून पाहिले, तर बहुतेक वेळा आकडा बरोबर असतो आणि त्या आकड्याभोवतीचे वाक्य चुकलेले असते. तुमच्या कात्रणातही तसेच झाले आहे. २७ खोटा नाही, ‘रोखला जातो’ हे मात्र निबंधात कोठेही नाही.

प्रथम निबंध हाती घ्यावा लागेल. बातमीत औषधाचे नाव असते, कधी नियतकालिकाचेही असते, पण चाचणीचा नोंदणी क्रमांक क्वचितच दिलेला असतो, आणि शोधायला तोच सर्वांत उपयोगी पडतो. मोठ्या चाचण्या सुरू होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवल्या जातात. या चाचणीचे नाव क्लॅरिटी एडी आणि नोंदणी क्रमांक NCT03887455 आहे. हा क्रमांक PubMed या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीच्या शोधचौकटीत जसाच्या तसा टाकला की त्या चाचणीवर प्रसिद्ध झालेले लेख समोर येतात. त्यातला मुख्य निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ऑनलाइन प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश कोणालाही विनामूल्य वाचता येतो, आणि पहिल्या तपासणीला तेवढा पुरतो.

येथेच कात्रणावरची तारीख पाहून घ्या. औषध बनवणाऱ्या आयसाय आणि बायोजेन या कंपन्यांनी चाचणीचा निकाल सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस प्रसिद्धिपत्रकाद्वारे जाहीर केला, म्हणजे निबंध येण्याच्या सुमारे दोन महिने आधी. त्या दोन महिन्यांत जगभर छापल्या गेलेल्या बातम्यांना प्रसिद्धिपत्रकापलीकडे दुसरा आधारच नव्हता. मनात आणले असते तरी वार्ताहराला तक्ते पाहता आले नसते. बातमी निबंधाच्या आधीची असेल तर ती निबंधाविषयी नसून निबंधाच्या जाहिरातीविषयी आहे, असे मी धरून चालतो. कंपनीने काही लपवले होते असे मात्र म्हणता येणार नाही. त्या पत्रकात २७ टक्क्यांच्या जोडीला, आजाराची तीव्रता मोजणाऱ्या पट्टीवरील गुणांमधला ०.४५ चा फरकही दिलेला होता आणि मेंदूला येणाऱ्या सुजेचे प्रमाणही होते. बातम्यांमध्ये उरली ती प्रामुख्याने टक्केवारी. माझ्या ओळखीचे एक उपसंपादक एकदा रात्री नऊ वाजता फोनवर म्हणाले होते, “०.४५ छापले तर वाचक म्हणेल, एवढेसेच?” त्यांचा वाचक बरोबरच प्रश्न विचारत होता, पण पान लावायची वेळ झाली होती.

आता सारांश उघडा आणि निष्कर्षाचे वाक्य सोडून आधी निकालाचा परिच्छेद वाचा. त्यात २७ हा आकडा शोधून पाहा. तो सापडणार नाही. तेथे असे दिले आहे की त्या पट्टीवर दोन्ही गटांचा सुरुवातीचा सरासरी गुणांक सुमारे ३.२ होता, १८ महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा गुणांक सरासरी १.२१ ने आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले द्रावण, घेणाऱ्यांचा १.६६ ने वाढला. या मोजमापात गुण वाढणे म्हणजे प्रकृती बिघडणे, हे लक्षात ठेवा. दोन वाढींमधला फरक ०.४५ आहे, आणि ०.४५ ला १.६६ ने भागले की २७ टक्के येतात. बातमीतला आकडा निबंधात सापडत नसेल तेव्हा तो कोणत्या दोन आकड्यांपासून बनला असावा, हे असे मागे जाऊन काढून पाहावे. जुळला तर निम्मे काम झाले. जुळलाच नाही, तर तो आकडा बहुधा दुसऱ्याच निबंधातून किंवा एखाद्या मुलाखतीतून आलेला असतो.

याच दोन ओळींमध्ये तुमच्या कात्रणातली सर्वांत मोठी चूक उघडी पडते. औषध घेणाऱ्यांचे गुणही १.२१ ने वाढले, म्हणजे तेही खालावलेच. कोणत्याही गटाची सरासरी सुधारली नाही, कोणत्याही गटाचा आजार थांबला नाही. एका गटाची घसरण दुसऱ्यापेक्षा मंद होती, इतकेच. ‘आजार २७ टक्क्यांनी रोखला’, ‘२७ टक्के रुग्णांना फायदा झाला’, ‘स्मरणशक्ती २७ टक्क्यांनी सुधारली’ आणि ‘घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी कमी राहिला’ ही चार वाक्ये मी या एकाच निकालावर लिहिलेली वाचली आहेत, आणि त्यांपैकी फक्त चौथे निबंधाशी जुळते. दुसरे वाक्य तर विशेष फसवे आहे, कारण ते वाचून शंभरातल्या सत्तावीस जणांना गुण आला आणि बाकीच्यांना नाही, असे चित्र उभे राहते. सरासरीतला फरक किती माणसांमध्ये कसा वाटला गेला हे सरासरीवरून कळत नाही.

पुढचा प्रश्न असा की २७ टक्के नेमके कशाचे. व्यापारात नफा खरेदीवर काढला की विक्रीवर, याने टक्केवारी बदलते, तसेच येथेही आहे. ०.४५ ला प्लासिबो गटाच्या वाढीने, म्हणजे १.६६ ने भागले तर २७ टक्के. अखेरीस दोन्ही गट कोठे पोहोचले ते पाहिले तर प्लासिबो गट साधारण ४.८६ वर आणि औषधाचा गट ४.४१ वर आला. म्हणजे औषध घेणाऱ्यांचा आजार अखेरीस सुमारे ९ टक्क्यांनी सौम्य होता. संपूर्ण मोजपट्टी १८ गुणांची आहे आणि ०.४५ हा तिचा अडीच टक्के होतो. तिन्ही आकडे एकाच फरकाचे आहेत आणि तिन्ही गणिताने बरोबर आहेत. माझे म्हणणे असे नाही की अडीच टक्के हाच खरा आकडा आहे. सौम्य अवस्थेतला रुग्ण दीड वर्षात १८ पर्यंत जाणारच नसतो, त्यामुळे पूर्ण पट्टीशी तुलना करणे औषधावर अन्याय करणारे ठरेल. मात्र पत्रक लिहिणारा या तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा मथळ्यात घेतो, हे गृहीत धरून मूळ फरक मूळ एककात शोधायचा.

तो फरक कळायला मोजपट्टी स्वतः पाहावी लागते. तिचे संक्षिप्त नाव सीडीआर-एसबी आहे. रुग्णाशी आणि त्याला रोज पाहणाऱ्या माणसाशी बोलून परीक्षक सहा बाबींना गुण देतो: स्मरणशक्ती, स्थळकाळाचे भान, निर्णय घेण्याची क्षमता, घराबाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद, आणि स्वतःची निगा. प्रत्येक बाबीला ० ते ३ गुण असतात आणि सर्वांत लहान पायरी अर्ध्या गुणाची असते. उदाहरणार्थ, स्मरणशक्तीत ०.५ म्हणजे किरकोळ पण सतत होणारा विसर. १ म्हणजे अलीकडच्या घटनांचा असा विसर की रोजच्या कामात अडथळा यावा. स्वतःची निगा या बाबीत १ म्हणजे आंघोळ किंवा कपडे बदलण्याची आठवण करून द्यावी लागणे. एका रुग्णाच्या बाबतीत बदल दिसला तर तो कमीत कमी अर्ध्या गुणाचाच असू शकतो, आणि येथे दोन गटांमधला सरासरी फरक त्याहून किंचित कमी आहे. घरच्या माणसांना फरक जाणवण्यासाठी या पट्टीवर किती गुणांचा बदल लागतो, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. साधारणपणे एक ते दोन गुणांचे आकडे सांगितले जातात. औषधाची बाजू घेणारे म्हणतात की तो उंबरठा एका रुग्णातील बदलासाठी आहे, दोन गटांच्या सरासरींना तो लावणे योग्य नाही, शिवाय १८ महिने हा लहान काळ आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण तुमच्या कात्रणात हा वादच नाही, आणि निबंधाच्या लेखकांनी मात्र स्वतः ‘माफक प्रमाणात कमी घसरण’ अशा अर्थाचाच शब्दप्रयोग केला आहे.

प्रसिद्धिपत्रकात ०.००००५ असा एक आकडा ठळकपणे दिलेला होता, आणि काही बातम्यांनी तो ‘अत्यंत लक्षणीय परिणाम’ असा वाचला. हा आकडा परिणामाच्या आकाराविषयी काहीच सांगत नाही. औषधाचा परिणाम शून्य असता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती लहान होती, इतकेच तो सांगतो. १,७९५ जणांच्या चाचणीत लहान फरकही असा ठाम ठरू शकतो. आकाराविषयी विचारायचे असेल तर निबंधाच्या सारांशात ०.४५ च्या शेजारी कंसात दिलेला पट्टा वाचावा: ०.२३ ते ०.६७. खरा सरासरी फरक या पट्ट्यात कोठेही असणे या आकडेवारीशी सुसंगत आहे. ढोबळ हिशेबाने या दोन टोकांना १.६६ ने भागले तर १४ ते ४० टक्के येतात. ‘२७ टक्के’ म्हणताना जो काटेकोरपणा वाटतो, तो येथे विरघळतो.

आता तोट्याच्या बाजूकडे वळू, कारण बातमीतला तोल सर्वांत जास्त तेथे जातो. सारांशात दिले आहे की औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या मेंदूत एमआरआयवर सूज किंवा द्रव साठल्याचे दिसले आणि २६.४ टक्के जणांना शिरेतून औषध देताना थंडी, ताप यांसारखी प्रतिक्रिया आली. सारांशात नाही ते प्लासिबो गटातले प्रमाण. ते आतल्या तक्त्यात आहे आणि अनुक्रमे १.७ व ७.४ टक्के आहे. तुलनेचा गट नसलेला दुष्परिणामाचा आकडा वाचून काही ठरवता येत नाही, म्हणून पूर्ण निबंध कोठून तरी मिळवण्याचे खरे कारण हा तक्ता असतो. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो मिळण्याची शक्यता असते.

हे आकडे फायद्याच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. फायदा सांगताना प्लासिबोच्या तुलनेतली टक्केवारी घेतली होती. तोच नियम सुजेला लावला तर १२.६ भागिले १.७, म्हणजे सूज दिसण्याचे प्रमाण सात पटींहून अधिक झाले, असे लिहावे लागेल. आणि साधी वजाबाकी करायची असेल तर शंभर रुग्णांमागे सुमारे ११ जणांना औषधामुळे जादा सूज आली, आणि फायद्याच्या बाजूला १८ गुणांच्या पट्टीवर ०.४५ चा फरक पडला, असे लिहावे लागेल. दोन्ही बाजूंना एकच माप लावले तर दोन्ही वाक्ये प्रामाणिक आहेत. फायद्याला गुणोत्तर आणि तोट्याला साधे प्रमाण, ही सरमिसळ मात्र मी प्रसिद्धिपत्रकांमध्ये इतक्या वेळा पाहिली आहे की आता मी सर्वांत आधी तीच शोधतो. ज्यांना सूज दिसली त्यांतल्या बहुतेकांना कोणतेही लक्षण जाणवले नाही, हेही लिहायला हवे. लक्षणांसह सूज २.८ टक्के जणांना आली. एमआरआयवर दिसणाऱ्या रक्तस्रावांच्या खुणांचे प्रमाण औषधाच्या गटात १७.३ आणि प्लासिबो गटात ९ टक्के होते. येथे प्लासिबो गटातले प्रमाणही बरेच आहे, म्हणजे असे रक्तस्राव या वयात आणि या आजारात औषधाविनाही होतात. तो ९ चा आकडा वगळून १७.३ तेवढा छापला तर बातमी औषधाच्या विरुद्ध दिशेने चुकते. चूक नेहमी कौतुकाच्याच बाजूला होते असे नाही.

अतिशयोक्ती कोठे शिरते याविषयी एक जुना पण उपयोगी अभ्यास आहे. ब्रिटनमधील वीस विद्यापीठांची २०११ मधील ४६२ प्रसिद्धिपत्रके, मूळ निबंध आणि त्यांवरील बातम्या असे तिन्ही शेजारी ठेवून तपासले गेले, आणि २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला की ४० टक्के पत्रकांतला सल्ला निबंधापेक्षा अधिक ठाम होता, आणि पत्रकात अतिशयोक्ती असली की बातमीत ती येण्याची शक्यता बरीच वाढत होती. त्यामुळे बातमी चुकीची वाटली की मी वार्ताहराला दोष देण्याआधी पत्रक काढून पाहतो. कंपनीचे किंवा विद्यापीठाचे पत्रक त्यांच्या संकेतस्थळावर तारखेसह सापडते, आणि बातमीतले वाक्य बहुधा तेथेच, शब्दशः, मिळते.

तुमच्या आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग मी शेवटी ठेवला आहे, कारण तो बातमीत एका शब्दात गुंडाळलेला असतो. कात्रणात ‘अल्झायमरचे रुग्ण’ असे आहे. निबंधात ते ‘५० ते ९० वयाचे, आजाराच्या प्रारंभिक अवस्थेतले’ असे आहेत: म्हणजे केवळ सौम्य विस्मरण असलेले किंवा अगदी सौम्य स्मृतिभ्रंश असलेले, आणि ज्यांच्या मेंदूत ॲमिलॉइड हे प्रथिन साठले असल्याचे पेट स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाच्या तपासणीने सिद्ध झाले आहे असे. मध्यम किंवा पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांवर ही चाचणी झालीच नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी २७ टक्के सोडाच, कोणताच आकडा या निबंधातून काढता येत नाही. औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचे होते आणि सूज वेळीच कळावी म्हणून मधूनमधून एमआरआय करावे लागत होते, हेही चाचणीच्या पद्धतीचाच भाग आहे.

आई स्त्री आहे म्हणून आणखी एका तक्त्याविषयी सावध करतो, कारण शोधायला गेलात तर तो समोर येईलच. निबंधाच्या पुरवणीत पुरुष आणि स्त्रिया वेगळे करून फरक दिला आहे: पुरुषांमध्ये ०.७३ आणि स्त्रियांमध्ये ०.२०. यावरून ‘हे औषध स्त्रियांना लागू पडत नाही’ अशीही वाक्ये लिहिली गेली. चाचणीची रचना संपूर्ण गटातला फरक शोधण्यासाठी केलेली होती. तिचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यातली माणसे कमी होतात आणि आकडे योगायोगाने वरखाली होतात. हा तक्ता पुढच्या चाचणीत तपासण्याजोगी शंका देतो, निर्णय देत नाही. ज्याला २७ टक्क्यांवर संशय आहे त्याने ०.२० वर आंधळा विश्वास ठेवू नये.

नियामकांनी हेच आकडे वाचून काय केले तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. युरोपच्या औषध समितीने जुलै २०२४ मध्ये नकार दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरविचार करून, सुजेचा धोका सर्वाधिक असलेल्या एका आनुवंशिक गटाला वगळून, शिफारस केली. ०.४५ तोच होता. तो पुरेसा आहे की नाही हे निबंधात लिहिलेले नसते.

आता आईच्या फाइलमध्ये एमएमएसई नावाच्या चाचणीचा, तीसपैकी किती असा गुणांक शोधा. क्लॅरिटी चाचणीत प्रवेशासाठी तो २२ ते ३० असावा लागत होता. आईचा गुणांक २२ पेक्षा कमी असेल तर भावाने पाठवलेली बातमी खरी असो वा खोटी, ती आईच्या अवस्थेतल्या रुग्णांविषयी नाही. २२ किंवा अधिक असेल तर तो कागद आणि वरचे चार आकडे, १.६६, १.२१, १२.६ आणि १.७, एका चिठ्ठीवर लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, आणि ॲमिलॉइडची तपासणी झाली आहे का हे पहिल्यांदा विचारा.